प्रगती अहवालातील तीन रकाने

जालना जिल्ह्यातील दुधना नदीच्या खोऱ्यात, विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर कसे बदलते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. ४० विहिरी, दोन वर्षे आणि दरवर्षी मे व ऑक्टोबर अशा दोन फेऱ्या, म्हणजे एकूण १६० नोंदी, असा मूळ आराखडा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधकाला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि यंदाचा अहवाल चौथ्या फेरीनंतरचा असल्यामुळे त्याला विशेष महत्त्व होते.

विभागाच्या ठरावीक नमुन्यात ‘झालेले काम’ असा एकच रकाना आहे. त्यात १४४ नमुने गोळा झाले, म्हणजे ९० टक्के काम पूर्ण झाले, असे लिहिणे सहज शक्य होते आणि त्यातला आकडाही खोटा नव्हता. मसुदा वाचून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढेच विचारले, “यातले किती नमुने आज प्रबंधाच्या तक्त्यात घालता येतील?” त्या प्रश्नावरून मी संपूर्ण अहवाल नव्याने मांडला.

पूर्ण झालेले काम म्हणजे जमिनीवरील आणि प्रयोगशाळेतील दोन्ही टप्पे पार करून तपासणीत टिकलेली नोंद, असा अर्थ मी आधी निश्चित केला. ही तपासणी म्हणजे पाण्यातील धन आणि ऋण आयनांच्या भारांचा ताळेबंद. दोन्हींतील फरक त्यांच्या बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तरच विश्लेषण ग्राह्य धरायचे. या कसोटीवर पहिल्या मेचे ३१, पहिल्या ऑक्टोबरचे ४० आणि दुसऱ्या ऑक्टोबरचे ३४, असे १०५ नमुने उतरले. दोन्ही मे महिन्यांत मिळून १६ वेळा विहीर कोरडी आढळली. या नोंदी मी विलंबात टाकल्या नाहीत, कारण आमच्या भागातल्या काळ्या कातळात उन्हाळ्यात आटणारी विहीर ही स्वतःच एक निरीक्षण आहे. त्या ‘कोरडी’ म्हणून पूर्ण कामात, परंतु वेगळ्या ओळीत दाखवल्या.

विलंबाच्या रकान्यात दुसऱ्या ऑक्टोबरचे ६ नमुने गेले. त्यांचा ताळेबंद जुळला नव्हता; नायट्रिक आम्ल घालून ठेवलेल्या बाटल्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम पुन्हा मोजून पाहायचे आणि तरीही न जुळल्यास ते वगळायचे, असे लिहिले. अवघड भाग दुसऱ्या मेच्या ३३ नमुन्यांचा होता. नमुने आणले तेव्हा प्रयोगशाळेतील यंत्र बंद पडलेले होते. आम्ल न घातलेल्या, ४ अंश सेल्सियसवर ठेवलेल्या पाण्यातील नायट्रेट ४८ तासांत मोजावे लागते, कारण त्यानंतर सूक्ष्मजीवांमुळे त्याचे प्रमाण बदलू शकते. यंत्र दुरुस्त होईपर्यंत ही मुदत कधीच उलटून गेली होती. विहिरीवरच मोजलेली पाण्याची पातळी, सामू आणि विद्युतवाहकता मात्र पूर्ण ग्राह्य आहेत. म्हणून या एकाच फेरीचे दोन तुकडे केले: पातळी व क्षेत्रीय मोजमापे पूर्ण कामात, आणि नायट्रेट ‘विलंबित’ न म्हणता ‘गमावलेले’ म्हणून. १०५, १६, ६ आणि ३३ यांची बेरीज १६० होते, आणि ती अहवालात दिसेल अशी ठेवली.

‘विलंब’ आणि ‘गमावणे’ यांतला फरक सुधारित आराखड्यासाठी निर्णायक ठरला. येत्या मेमध्ये नवी फेरी घेतली की नुकसान भरून निघेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या पावसाळ्याचा परिणाम पाहण्यासाठी त्याच वर्षीचे मे आणि ऑक्टोबर लागतात. येत्या मेची जोडी गेल्या ऑक्टोबरशी लागेल, म्हणजे त्यातून पावसाने नायट्रेट किती झिरपले हे कळणार नाही. हिवाळा-उन्हाळ्यात, रब्बीच्या उपशानंतर, ते किती बदलले एवढेच कळेल. हे मी आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले आणि दोन पर्याय ठेवले. पहिला, फक्त मेची फेरी घेऊन दुसऱ्या उद्दिष्टाची शब्दरचना बदलणे. दुसरा, पुढचा ऑक्टोबरही घेऊन पूर्ण जोडी मिळवणे, ज्यासाठी प्रबंध सादर करण्याची तारीख किमान सहा महिने पुढे जाईल. दोन्ही पर्यायांत नायट्रेटसाठी सल्फ्युरिक आम्ल घातलेली स्वतंत्र बाटली घ्यायची असे नमूद केले, म्हणजे मोजणीला २८ दिवस मिळतात; त्या पद्धतीत नायट्रेट आणि नायट्राइट एकत्र मोजले जातात आणि त्याच बाटलीतून सल्फेट मोजता येत नाही, ही मर्यादाही सोबत लिहिली.

बैठकीत ९० टक्क्यांचा उल्लेखच आला नाही. सगळी चर्चा त्या ३३ नमुन्यांवर आणि दोन पर्यायांवर झाली. समितीने पहिला पर्याय मान्य केला, पावसाळ्याच्या परिणामाचा निष्कर्ष केवळ पहिल्या वर्षापुरता मांडावा असे इतिवृत्तात नोंदवले, आणि मेच्या फेरीआधी दुसऱ्या प्रयोगशाळेचे लेखी संमतिपत्र जोडण्याची अट घातली.