फोटोत मान खाली का आहे

मुंबई मॅरेथॉन, जानेवारीतला रविवार, आयुष्यातली पहिली फुल, म्हणजे ४२.२ किलोमीटरची. फिनिशच्या कमानीखालचा हा माझा एकमेव फोटो आणि त्यात मी काय करतेय, तर मान खाली घालून घड्याळाचं बटण दाबतेय. हात वर करायचे, हसायचं, हे सगळं घरी आरशासमोर ठरवून आले होते.

डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम, पहाटेची स्पेशल लोकल, पाचला सुरुवात, हे सगळं ठीकच झालं. माती खाल्ली ती पहिल्या दहा किलोमीटरमध्ये. सरावात पावणेसात मिनिटांना एक किलोमीटर पळणारी मी गर्दीच्या भरात सहाने सुटले आणि सी लिंकवर तर स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका! त्याची वसुली पेडर रोडला झाली. परतीच्या वाटेवर पस्तीस किलोमीटरनंतर तो चढ येतो, तोवर ऊन चढलेलं असतं आणि पायातलं इंधन संपलेलं असतं. पोटऱ्यांत असे गोळे आले की मी सरळ चालायला लागले. एका आजींनी संत्र्याच्या फोडी पुढे केल्या, "घे गं, मीठ लावलंय." दोन घेतल्या, मग लाज सोडून अजून दोन.

पण खरा दगा घड्याळाने दिला. चर्चगेटच्या आसपास ते टुणकन वाजलं, ४२.२ पूर्ण! आणि कमानीचा पत्ताच नाही. मला वाटलं आयोजकांनी रस्ता जास्त मोजलाय, मनातल्या मनात भांडलेसुद्धा. नंतर कळलं की रस्ता मोजतात तो वळणं अगदी आतून कापत, सगळ्यात जवळच्या रेषेने, आणि मी पाण्याच्या टेबलाकडे डावीकडे, संत्र्यांकडे उजवीकडे, माणसांना ओलांडत नागमोडी पळालेली. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस थोडं भरकटतं ते वेगळंच. शेवटी घड्याळात ४२.८७ दिसत होते, म्हणजे साधारण पावणेसातशे मीटर जादा, आणि माझ्या त्या वेळच्या चालीने ती सहा मिनिटं. ती सहा मिनिटं मी अख्ख्या मुंबईवर चिडलेली होते.

फोटोत मागे ५:४४ दिसतंय ना, ती बंदुकीची वेळ, पहिला माणूस सुटला तेव्हापासूनची. मी मागच्या घोळक्यात होते, सुरुवातीची रेषा ओलांडेपर्यंतच सहा मिनिटं गेली. छातीवरच्या नंबराच्या कागदामागे, म्हणजे बिबमागे असलेल्या चिपने खरी वेळ दिली ५:३८. हे मी विचारलं नसतानाही सगळ्यांना सांगतेय, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकूंनासुद्धा सांगितलं.

रात्री मेडल गळ्यात तसंच ठेवून मावशीला कौतुकाने फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं, एवढी काय घाईने घड्याळ बघतेयस, गाडी चुकत होती का?"