चार मिनिटांत देता आलेले उत्तर

विश्लेषकाच्या एका जागेसाठी मी सहा जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. नकार कळवण्याचे काम मनुष्यबळ विभागाने केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांतील दोघांचे मेल माझ्यापर्यंत पोहोचले.

पहिला मेल नम्र होता. ‘माझे नेमके काय चुकले आणि मी कुठे सुधारणा करावी, हे सविस्तर कळवावे,’ अशी विनंती त्यात होती. उत्तर लिहायला बसलो, तर सुरुवात कुठून करावी हेच कळेना. शिवाय मी लिहिलेले प्रत्येक वाक्य नकाराचे अधिकृत कारण म्हणून वाचले जाईल आणि उद्या त्यावरून वाद उभा राहील, ही धास्ती होतीच. शेवटी मी तो मेल मनुष्यबळ विभागाकडे पाठवला. तिथून ‘अधिक अनुरूप उमेदवाराची निवड झाली’ हे ठरलेले उत्तर गेले.

दुसरा मेल असा होता: ‘निर्णय कळवल्याबद्दल आभारी आहे, तो मला मान्य आहे. एकच विचारायचे होते. विक्रीतील घटीचे उदाहरण सोडवताना माझा बराच वेळ आकडेमोडीत गेला आणि उपाय शेवटच्या दोन मिनिटांत सांगावे लागले. मी तिथे कमी पडले, की विश्लेषणाची दिशाच चुकली? एका ओळीचे उत्तरही पुरेसे आहे, आणि नियमामुळे सांगता येत नसेल तर तेही समजू शकते.’

मुलाखतीच्या वेळची टिपणे अजून टेबलावरच होती. तिच्या कागदावर मी लिहिले होते, ‘गणित चोख, गृहीतक तपासले नाही.’ म्हणजे तिचा पहिला अंदाज चुकला होता. पण तिने उदाहरण आणि त्यातली जागा दाखवल्यामुळे मला शोधाशोध करावी लागली नाही. मनुष्यबळ विभागातील सहकाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘इतर उमेदवारांशी तुलना करू नका, तिच्या कामापुरते लिहा.’ मी लिहिले, ‘अडचण वेळेची नव्हती. घट सर्व शाखांत सारखीच आहे, असे आपण धरून चाललात. प्रत्यक्षात ती दोनच शाखांत होती आणि तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात दिसत होती.’ या सगळ्याला चार मिनिटे लागली असतील.

खरे तर पाठवताना थोडी धाकधूक होती, कारण अशा उत्तरावर कधी कधी ‘पण मी तर तसे म्हटलेच होते’ अशी लांबलचक सफाई येते आणि मग पुढच्या वेळी हात आखडतो. तिची एकच ओळ आली: ‘तो स्तंभ पाहिल्याचे आठवते, वापरायचे सुचले नाही. मनापासून आभार.’

टिपणे आवरताना पहिल्या उमेदवाराचा कागद हाती लागला. त्यावरही एकच ओळ होती: ‘प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर सुरू करतो.’