क्रेडिट नोट 13,520 ची आली, आणि मी कॉन्ट्रॅक्टची कॉपी शोधायला लागले

मी पेएबल्समध्ये काम करते, म्हणजे सप्लायरची बिलं, क्रेडिट नोट, अॅडव्हान्स हे सगळं माझ्याकडं येतं. त्या दिवशी सकाळी मेलमध्ये एक क्रेडिट नोट आली होती. आमच्या मोठ्या युपीएसचं एएमसी आम्ही मधेच बंद केलं होतं कारण नवीन युपीएस बसला, जुना काढून टाकला, मग त्याचं मेंटेनन्स कशाला चालू ठेवायचं. क्रेडिट नोटवर एकच ओळ, "एएमसी कॅन्सलेशन रिफंड, प्रो राटा", आणि पुढं 13,520. काय गुणलं, काय भागलं, काही नाही.

अॅडमिनचे सर म्हणाले घेऊन टाका हो, पैसे परत देतायत हेच खूप. पण प्रो राटा लिहिलं की त्यात एक भागाकार असतोच, वर किती दिवस आणि खाली किती दिवस. ते दोन आकडे दिसल्याशिवाय मी क्रेडिट नोट बुक करत नाही. मी सप्लायरला मेल टाकला की वर्किंग पाठवा, आणि ते येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टची सही झालेली कॉपी काढून बसले. कोटेशन नाही, पीओ पण नाही, सही झालेलं कॉन्ट्रॅक्टच लागतं, कारण कॅन्सलेशनची अट बहुतेक वेळा तिथंच शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

आकडे इथं समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगते, बाकी गोष्ट जशीच्या तशी. कॉन्ट्रॅक्ट 1 जुलै 2023 ते 30 जून 2024. टॅक्स सोडून रक्कम 36,600, त्यावर 10 टक्के टॅक्स. वर्षात 4 सर्व्हिस व्हिजिट आणि ब्रेकडाऊन कॉल कितीही. कॅन्सलेशनच्या अटीत तीन गोष्टी होत्या. 30 दिवसांची लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते दिवस मोजायचे. न वापरलेल्या कालावधीच्या प्रमाणात पैसे परत. आणि परत द्यायच्या रकमेवर 5 टक्के कॅन्सलेशन चार्ज. बास.

पहिला प्रश्न कव्हर नक्की कुठल्या दिवशी संपलं. आमच्यातच यावर दोन मतं होती. सर म्हणत होते युपीएस ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद केला तेव्हापासून धरा, निदान आपला मेल 20 ऑक्टोबरला गेला तेव्हापासून तरी. मी म्हटलं सर, मशीन आपण आपल्या सोयीनं बंद केलं, कॉन्ट्रॅक्ट मशीनवर नाही नोटिशीवर संपतं. मेल त्यांना 20 तारखेलाच मिळाला, त्यांची पोच होती, म्हणजे 21 ऑक्टोबर हा पहिला दिवस आणि 19 नोव्हेंबर हा तिसावा. तोपर्यंतचे पैसे त्यांचे, हे मान्य करायलाच हवं. आपल्या बाजूनं तारीख ओढली तर पुढं त्यांच्या चुकीवर बोट ठेवायला तोंड राहत नाही.

मग दिवस मोजले. इथं लोक हमखास एक दिवस गमावतात. शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा केली की पहिला दिवस मोजलाच जात नाही, तो एक परत मिळवावा लागतो. शीटमध्ये हे असं:

```
एकूण     =DATE(2024,6,30)-DATE(2023,7,1)+1      → 366
वापरलेले  =DATE(2023,11,19)-DATE(2023,7,1)+1     → 142
उरलेले    =DATE(2024,6,30)-DATE(2023,11,19)      → 224
```

तिसऱ्या ओळीत +1 नाही कारण 19 नोव्हेंबर वापरलेल्यात धरलाय. 142 आणि 224 मिळून 366 आले की समजायचं कुठला दिवस दोनदा मोजला नाही आणि कुठला सुटला नाही. आणि 366 का, तर 29 फेब्रुवारी 2024 या कॉन्ट्रॅक्टच्या पोटात येते, कॉन्ट्रॅक्ट सुरू 2023 मध्ये झालं तरी. मुद्दाम सांगते कारण डोळे झाकून 365 नं भागणारे खूप आहेत. दिवसाला 100 पडतात, म्हणजे उरलेल्याचे 22,400. त्यातून 5 टक्के चार्ज 1,120 गेला की 21,280, आणि त्यावरचा टॅक्स 2,128. एकूण 23,408. समोर काय आलंय, 13,520.

दुपारी त्यांचं वर्किंग आलं आणि मग सगळं उलगडलं. त्यांनी दिवस मोजलेच नव्हते, महिने मोजले होते, आणि नोव्हेंबरचे 19 दिवस गेले म्हणून अख्खा नोव्हेंबर गेला असं धरून 5 महिने वापरले 7 उरले, म्हणजे 21,350. इथं फरक 1,050 चा, तो तसा छोटा. अटीत महिन्याचा हिशोब लिहिलेला असता तर मी एक शब्द बोलले नसते, पण तिथं कालावधीच्या प्रमाणात एवढंच होतं आणि नोटीस तर दिवसांत होती.

खरी गडबड पुढच्या ओळीत होती. झालेल्या दोन व्हिजिटचे, त्यांच्या रेट कार्डप्रमाणं प्रत्येकी 3,000, असे 6,000 वजा. मी फोन लावला. तिकडचे म्हणाले, "मॅडम, व्हिजिट तर झाल्यात ना, त्याचे पैसे आम्ही सोडायचे का?" प्रश्न चुकीचा नाहीये, म्हणून मी शांतपणे सांगितलं की 36,600 मध्ये चारही व्हिजिट आधीच आल्यात, आणि 142 दिवसांचे 14,200 तुम्ही ठेवून घेताय ते कशाचे? त्या दिवसांत तुम्ही जे काही केलं त्याचेच ना, त्यात व्हिजिटपण आल्या. मग त्याच व्हिजिट परत सुट्या भावानं कशा कापता.

तरी पटेना, म्हणून मी त्यांना एक उदाहरण करून बघायला लावलं आणि कुणालाही हेच सांगेन, कारण दुहेरी वजावट पकडायला याच्याइतकं सोपं काही नाही. समजा आम्ही अकरा महिन्यांनी कॅन्सल केलं असतं, चारही व्हिजिट झाल्यात. उरला एक महिना, त्याचे 3,050. त्यातून चार व्हिजिटचे 12,000 वजा करा. उत्तर उणे 8,950. म्हणजे वर्षभराचे पैसे आधीच भरलेल्या माणसानं सर्व्हिस बंद करताना वरून 8,950 द्यायचे! फोनवर जरा वेळ कुणी बोललं नाही, मग ते म्हणाले थांबा मी अकाउंट्सला विचारतो.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी सरांनापण सांगितली. व्हिजिट निम्म्या झाल्या होत्या आणि वेळ गेला होता 39 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे व्हिजिटच्या मानानं आम्ही थोडं जास्त घेतलं होतं. काही कॉन्ट्रॅक्टमध्ये याची सोय असते, वेळेचा हिस्सा किंवा सर्व्हिसचा हिस्सा, जो जास्त तो कापायचा, किंवा झालेल्या क्लेमचा खर्च वजा जाईल असं सरळ लिहिलेलं असतं, आणि असं लिहिलं असेल तर ते मानावं लागतं. आमच्यात तसं काहीच नव्हतं. शिवाय एएमसीचे पैसे नुसत्या व्हिजिटचे नसतात, रात्री मशीन बंद पडलं तर माणूस येईल या तयारीचे असतात, आणि ती तयारी दिवसागणिकच संपते.

राहिला कॅन्सलेशन चार्ज. अट म्हणते परत द्यायच्या रकमेवर 5 टक्के, त्यांनी लावला पूर्ण 36,600 वर, म्हणजे 1,830. हे त्यांनी लगेच मान्य केलं. टॅक्स परत दिलाच नव्हता, तो क्रेडिट नोटवर वेगळा दाखवा म्हटलं. अर्थात टॅक्सच्या बाबतीत जिथले जे नियम आणि मुदती असतील त्या बघायच्या, आणि कंपनीनं त्या टॅक्सचं क्रेडिट आधीच घेतलं असेल तर तेवढं उलटवावं लागतं, म्हणून हे 2,128 काही फायद्यात धरायचे नाहीत.

मी आमच्या पुस्तकातूनपण पडताळा घेतला. एएमसी प्रीपेडला टाकून दर महिन्याला 3,050 खर्चाला नेतो, त्यामुळं ऑक्टोबरअखेर प्रीपेडला 24,400 होते. त्यातून 19 दिवसांचे 1,900 गेले की 22,500. माझ्या 22,400 पेक्षा 100 जास्त, आणि तो फरक महिने सारखे धरण्यामुळं येतो, जुलै ते ऑक्टोबर 123 दिवस होतात. दोन वेगळ्या वाटांनी आकडा इतका जवळ आला की माझी खात्री होते.

आता या सगळ्यात एक दुसरी गोष्ट हाताला लागली. त्याच सप्लायरकडून एका प्रिंटरची एक्स्टेंडेड वॉरंटी पण घेतली होती, तीही त्याच मेलनं रद्द केलेली. पहिलं वर्ष उत्पादकाची वॉरंटी, त्यानंतर पुढची दोन वर्षं ही. खरेदीला दहा महिने झालेले. त्यांनी 24 पैकी 10 महिने वापरले असं दाखवून पैसे कापले होते. अहो पण ही वॉरंटी सुरूच झाली नाहीये, पहिल्या वर्षात जे काही बिघडेल ते उत्पादक बघतोय, मग वापरले कुठले दहा महिने? हे बोलण्याआधी मी सर्टिफिकेट नीट वाचलं, कारण काही प्लॅनमध्ये पडणं, पाणी जाणं, व्होल्टेज वाढणं असलं कव्हर पहिल्या दिवसापासून असतं आणि मग कालावधीपण खरेदीच्या तारखेपासून धरणं बरोबर ठरू शकतं. आमच्या सर्टिफिकेटवर सुरू होण्याची तारीख स्पष्ट छापलेली होती, उत्पादकाची वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी त्या पानाचा फोटो तारखेभोवती गोल करून पाठवला आणि पूर्ण रक्कम मागितली.

मेल लिहिताना मी भांडण केलं नाही, एक छोटा तक्ता केला, डावीकडं तुमचा आकडा, उजवीकडं आमचा, आणि मधे कॉन्ट्रॅक्टमधलं वाक्य जसंच्या तसं. जुनी क्रेडिट नोट बुक केली नाही, कारण एकदा ती स्वीकारली की आम्हाला हिशोब मान्य आहे असाच अर्थ निघतो.

ऑफिस सुटायच्या आधी उत्तर आलं. व्हिजिटची वजावट काढली, दिवसांचा हिशोब मान्य केला, चार्ज 1,120 केला, आणि नवीन क्रेडिट नोट टॅक्स धरून 23,408 ची पाठवली. प्रिंटरच्या वॉरंटीबद्दल लिहिलं की ती आमची नाही, वॉरंटी देणारी कंपनी वेगळी आहे, त्यांच्याकडून मंजुरी घ्यावी लागेल. म्हणून पैसे कुणाकडं जमा आहेत आणि मंजुरी कोण देणार हे लेखी मागितलंय, आणि ती रक्कम सप्लायरच्या खात्यात येणं म्हणून उघडी ठेवलीय.