शंभर वर्षं जगा, आजी

व्हिएतनाममधल्या नाम दिन्हच्या त्या गावात पोचल्यावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो 'प्रवास कसा झाला' हा नव्हता. मैत्रिणीच्या आईने गरम चहाचा चिमुकला कप हातात दिला आणि विचारलं, 'तुझे वडील कोणत्या सालचे?'

मैत्रीण पुण्याच्या ऑफिसात दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती. दिवाळीत आमच्या घरी फराळाला आली, तेव्हा ठरलं होतं की एकदा तेतला मी तिच्याकडे जायचं. तेत म्हणजे व्हिएतनामी चांद्र नववर्ष. 2025 साली ते 29 जानेवारीला होतं, सापाचं वर्ष. मी दोन दिवस आधी हनोईला उतरले आणि तिथून बसने नव्वदेक किलोमीटर दक्षिणेला तिच्या गावी गेले. रस्ताभर मोटरसायकलींवर मागे बांधलेली गुलाबी फुलांची पीचची झाडं डोलत होती. अंगणात लाकडाच्या चुलीवर बान चुंगचं पातेलं रटरटत होतं. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस हिरव्या पानांत चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळायचं, त्यामुळे रात्रभर कुणीतरी जागं राहून पाणी घालत बसतं.

तर माझे वडील. 1955 चे, म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मैत्रिणीचे वडील 1964 चे, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा लहान, म्हणून ते माझे 'चू'. ते मोठे असते तर 'बाक' झाले असते. आपल्याकडे थोरले काका आणि धाकटे काका असतात तसंच, फक्त इथे परक्याच्या बापाचं वयही हिशोबात धरावं लागतं. मैत्रिणीची आई माझी 'को'. आजी अर्थातच 'बा', आणि तिच्यासमोर मी 'चाउ', म्हणजे नात. मैत्रिणीच्या भावाचा पाच वर्षांचा मुलगा मला बाक म्हणणार, कारण मी त्याच्या आईबापांपेक्षा मोठी.

हा सगळा खटाटोप शुभेच्छेसाठी. व्हिएतनामीत घरच्या माणसांशी बोलताना 'मी' आणि 'तुम्ही' जवळपास नसतातच, त्यांच्या जागी नातं येतं. नातं ठरल्याशिवाय वाक्याला सुरुवातच करता येत नाही. 'चुक मुंग नम मय' हे 'नवीन वर्षाच्या शुभेच्छा' बॅनरवर, दुकानात, टीव्हीवर सगळीकडे दिसतं. पण घरात म्हाताऱ्या माणसासमोर एवढंच बोलून थांबणं म्हणजे पाया पडायच्या ऐवजी हात हलवण्यासारखं, असं मैत्रिणीचं मत. तिने मला पूर्ण वाक्य घोकायला दिलं:

चाउ चुक बा नम मय मान्ह ख्वे, सोंग लाउ चम तुओई आ.

'नात आजीला इच्छिते : नव्या वर्षी तब्येत ठणठणीत राहो, शंभर वर्षं जगा.' शेवटचा 'आ' आपल्या 'हो'सारखा आदराचा. तो विसरला तर वाक्य बरोबर, पण उर्मट.

मला सर्वात जास्त अडखळवलं ते 'चुक'ने. आपण तो क जिभेच्या मागच्या बाजूने मोकळा सोडतो. ते लोक क म्हणताम्हणता ओठही मिटतात, म्हणजे शब्द तोंडातच बंद होतो, फुगा तोंडाशी दाबून धरावा तसा. शिवाय सूर वर चढायला हवा. तोच शब्द खाली दाबून म्हटला तर अर्थ होतो 'दहा'. 'मुंग'मधला उ तर ओठ गोल न करता म्हणायचा, हसताना उ म्हटल्यासारखा. मी अंगणात कोंबड्यांसमोर सराव केला. कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

रात्री बाराला, म्हणजे ज्याला ते 'झाओ थुआ' म्हणतात त्या वेळी, आम्ही तळ्याच्या काठावर फटाक्यांची आतषबाजी बघायला गेलो होतो. परत येताना मला थंडी वाजत होती म्हणून भराभर पुढे चालले आणि फाटकातून आत पाऊल टाकणार तोच को ने मागून माझी बाही धरली. चांगली घट्ट. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर घराचं वर्षभराचं नशीब ठरतं, याला 'सोंग दत' म्हणतात. माझं पाऊल चालणारच नव्हतं, कारण मी 1986 ची, वाघाच्या वर्षातली, आणि वाघाचं सापाशी पटत नाही. सापाला कोंबडा आणि म्हैस चालतात. मैत्रिणीचे काका, म्हणजे धाकटे चू, 1973 चे, म्हशीचे. त्यांना बारा वाजायच्या आधीच घराबाहेर काढून ठेवलं होतं आणि ते रस्त्यावर सिगारेट ओढत उभे होते. ते आत गेले, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, मग आमची वरात. कुणी व्हिएतनामला तेतला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा : पहिल्या दिवशी सकाळी न बोलावता कुणाच्या दारात जाऊ नका. ते हसून आत घेतील, पण मनातून हबकतील.

सकाळी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लागल्या आणि मग बा खुर्चीत बसली. गडद लाल मखमलीचा आओ झाय, म्हणजे तिथला लांब अंगरखा, डोक्याला त्याच रंगाचं पागोट्यासारखं गुंडाळलेलं कापड. गर्भातलं वर्षही धरायचं आणि वाढदिवशी नाही, तर तेतलाच सगळ्यांनी एकदम एक वर्षाने मोठं व्हायचं, अशी तिथली जुनी रीत. त्या हिशोबाने ती त्या सकाळी ऐंशीची झाली. मीही पासपोर्टवर अडतीसची असून एका रात्रीत चाळिशीत पोचले. म्हणूनच तेतला पाकिटात घालून जे पैसे देतात त्यांना उत्तरेकडे 'मुंग तुओई' म्हणतात, म्हणजे वय वाढल्याचं कौतुक. दक्षिणेकडे त्यालाच 'ली सी' म्हणतात, आणि हाच शब्द आता सगळीकडे कळतो.

माझा मोठा घोटाळा समजुतीचा होता. मला वाटलं, आपण वाकायचं आणि आजी आशीर्वाद देणार. आपल्याकडे 'शतायुषी भव' मोठ्यांच्या तोंडचं. इथे धाकट्याने आधी बोलायचं, आणि शंभर वर्षांचं दान नातीने आजीला द्यायचं. मुलगे, सुना, मग नातवंडं, एकेकाने समोर उभं राहून हात जोडल्यासारखे छातीशी धरून आपापलं वाक्य म्हटलं. पाच वर्षांच्या पोराने तर गाडी सुटावी तसं एका दमात म्हणून टाकलं आणि लगेच पाकिटासाठी दोन्ही हात पुढे केले. सगळे हसले. त्याला बा म्हणाली, 'हाय आन चोंग लन', भरपूर खा आणि झपाट्याने मोठा हो. हे फक्त लहान पोरांना म्हणायचं, मोठ्याला म्हटलं तर चेष्टा.

माझी पाळी आली. 'चुक' छान मिटला. पण 'बा'चा सूर खाली उतरायला हवा होता तो सपाट राहिला, आणि सपाट 'बा' म्हणजे तीन. मी तीनला शंभर वर्षं आयुष्य मागितलं. बा मनापासून हसली, पुन्हा म्हण म्हणाली, पुन्हा म्हटलं. मग तिने मला तब्येत, नोकरीत बढती आणि याच वर्षी नवरा असा भरघोस आशीर्वाद दिला. पहिल्या दोन गोष्टींवर घरातलं कुणी काही बोललं नाही, तिसरीवर सगळ्यांनी एकमुखाने 'हो हो' केलं. तेवढ्यापुरतं मला अगदी आत्याच्या घरी बसल्यासारखं वाटलं.

कमावत्या माणसाने म्हाताऱ्यांनाही पाकीट द्यायचं असतं, म्हणून मी बा ला दोन लाख डाँगचं दिलं. आकडा ऐकून दचकू नका, सातशे रुपयांच्या आत-बाहेर. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि समोर उघडायचं नाही. नोट कोरी करकरीत हवी. कोऱ्या छोट्या नोटा तेतच्या तोंडावर मिळत नाहीत, म्हणून मैत्रिणीने महिनाभर आधीच जमवल्या होत्या. त्यातल्या वीस हजाराच्या दहा तिने मला दिल्या, पोरांसाठी. एक म्हणजे सत्तरेक रुपये. पोराला एवढंच द्यायचं असतं, शकुनापुरतं.

आता खरी गंमत. वीस हजाराची नोट निळी असते. पाच लाखाचीही निळसर. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह, लांबीत बोटभराचा फरक. एटीएममधून काढलेल्या पाच लाखाच्या नोटा मी त्याच कप्प्यात ठेवल्या होत्या आणि पाकिटं भरली रात्री, अंधुक दिव्यात. दिवसभरात आठ पाकिटं वाटली. रात्री मोजलं तर वीस हजाराच्या दोन उरायला हव्या होत्या, उरल्या तीन. पाच लाखाची एक कमी. कुठल्यातरी पोराच्या पाकिटात सत्तरऐवजी सतराशे रुपये गेले होते.

मैत्रिणीला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग गंभीर झाली. परत मागायचं तर नावच नको, दिलेलं पाकीट परत घेणं म्हणजे दिलेलं नशीब परत घेणं. अडचण वेगळीच होती. कुणी माझ्या पोराला किती दिले हे प्रत्येक आई डोक्यात ठेवते आणि तेवढंच त्यांच्या पोराला परत करते. लग्नातल्या आहेराची वही आपल्याकडे असते, ती इथे वर्षावर्षाला फिरते. मला पोर नाही, म्हणजे ते पाच लाख फेडायचे कुणाला?

ते कुठे गेले हे दुसऱ्या दिवशी न विचारताच कळलं. तो तेतचा दुसरा दिवस, रिवाजाने आईच्या माहेरचा. पहिला बापाकडचा, तिसरा गुरुजींचा. मैत्रिणीची वहिनी माहेरी निघता निघता माझ्याकडे आली आणि काही न बोलता माझ्या बॅगेत दोन बान चुंग, कमळाच्या बियांच्या साखरपाकातल्या मिठाईचा डबा आणि सुकवलेल्या आल्याची पिशवी कोंबली. मी नको नको म्हणत राहिले. ती फक्त म्हणाली, 'पोराने बाकचं पाकीट उशीखाली ठेवलंय.' बान चुंग मी हनोईतच संपवले, घरी आई मांस शिजवू देत नाही.

बा ने मला दिलेलं पाकीट हॉटेलात उघडलं. आत दहा हजाराची एक कोरी नोट. ती खर्च करायची नाही, पाकिटात ठेवायची, असं मैत्रिणीने बजावलं होतं. अजून आहे.

यंदा 17 फेब्रुवारीला घोड्याचं वर्ष लागलं. सकाळी व्हिडिओ कॉल केला. या वेळी 'बा' नीट खाली उतरला, मैत्रिणीने अंगठा वर केला. बा आता एक्याऐंशीची. तिने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि फोन नाकाजवळ नेऊन एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला मागच्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं. लग्न झालं नसेल तर तिथे 'नाही' म्हणायचं नसतं, 'अजून नाही' म्हणायचं असतं.

'चुआ आ,' मी म्हटलं.