सीसी लिमिटसाठी स्टॉक स्टेटमेंट: एजिंग कसं काढलं, माझा अनुभव

आमचं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेल आहे, बँकेत सीसी म्हणजे कॅश क्रेडिट आहे, त्यामुळे दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावंच लागतं. यावेळी सगळं स्वतः बसून केलं. क्लोजिंग स्टॉकचा आकडा सॉफ्टवेअरमधून लगेच निघतो, पण तो गोडाऊनमधल्या मालाशी जुळतोय का हे बघणं महत्त्वाचं. महिनाअखेरीला गिऱ्हाइकांमुळे मोजणी जमली नाही, ती तीन तारखेला केली, मग एक ते तीनमध्ये विकलेला माल त्यात मिळवला आणि आलेला माल वजा केला, तेव्हा ३१ तारखेचा खरा आकडा मिळाला.

व्हॅल्युएशन खरेदीच्या भावाने, विक्रीच्या नाही. जीएसटीचं क्रेडिट आपण घेतो म्हणून तो किमतीत धरायचा नाही, आणि बाजारभाव खरेदीपेक्षा खाली गेला असेल तर तो कमी भाव लावायचा.

खरं डोकं लागतं ते एजिंगला, म्हणजे कोणता माल किती जुना आहे हे काढायला. एका वायरचे १२० बंडल शिल्लक होते. मी खरेदीची बिलं उलटी धरली, म्हणजे शेवटचं बिल आधी: गेल्या महिन्यात ५० बंडल १,९०० ने, त्याआधीच्या महिन्यात ४० बंडल १,८५० ने, मग उरलेले ३० आठ महिन्यांपूर्वीच्या लॉटमधले, १,७०० ने. आधी आलेला माल आधी विकला असं धरतो, म्हणून शिल्लक नेहमी शेवटच्या बिलांतली. एकूण २,२०,००० होतात. सगळ्यांना शेवटचा भाव लावला असता तर २,२८,००० दिसले असते आणि ३० बंडल जुने आहेत हे कळलंच नसतं. सॉफ्टवेअरचा एजिंग रिपोर्ट हेच करतो, पण ओपनिंग स्टॉक एकाच तारखेला टाकलेला असेल तर जुना मालही त्या तारखेचा दिसतो, तेवढं बिलांवरून तपासून घ्या.

एवढा खटाटोप कशाला, तर आमच्या सँक्शन लेटरमध्ये १८० दिवसांपुढचा माल डीपीत, म्हणजे सीसीतून जेवढी रक्कम काढता येते त्या ड्रॉइंग पॉवरमध्ये, धरत नाहीत (तुमच्या लेटरमधली मर्यादा वेगळी असू शकते, ती आधी बघा). समजा स्टॉक ४० लाख, त्यात जुना ६ लाख, क्रेडिटर्सचे द्यायचे १० लाख, तर उरले २४, त्यावर २५ टक्के मार्जिन गेलं की स्टॉकवरची डीपी १८ लाख. जुना माल न काढता ४० लाख धरले तर साडेबावीस येते, आणि इन्स्पेक्शनला धूळ खाल्लेली खोकी दिसली की ती डीपी कापली जाते, तीही नेमकी पेमेंट द्यायच्या आठवड्यात. उधारीवरची डीपी मात्र वेगळी धरतात.

बँकेचे साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी तीच वायर निवडली आणि बंडल मोजून घेतले, मी सोबत बिलांच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या, ३० बंडल बाजूच्या रॅकवर वेगळे लावून त्यांवर खरेदीचा महिना लिहिला होता, तेवढं बघून ते पुढच्या आयटमकडे वळले.