धाकटीच्या पत्रिकेतली कार्टून जोडी

आज धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका फायनल झाली, लई भारी झालीय! दोघांचे फोटो बघून चित्रकार दादांनी कार्टून काढलंय, नवरदेव पाहुणे फेटा बांधून बुलेटवर आणि आमची बाई नऊवारीत मागं बसलेली, पाठीमागं रंकाळा.

आम्ही आधी सेल्फी पाठवलेले, तर दादा म्हणाले हे नकोत, मोबाईल तोंडाजवळ असला की नाक मोठं दिसतं आणि कान मागं जातात, मग चित्र दुसऱ्याच कुणाचं वाटतं. चार-पाच फुटांवरून उजेडात काढलेले, एक समोरून, एक थोडं वळून आणि एक मनापासून हसताना असे फोटो मागितले. सगळंच मोठं करायचं नसतं म्हणे, ओळख पटते त्या एक-दोन गोष्टीच वाढवायच्या. तिच्या गालाची खळी आणि पाहुण्यांच्या जाड भुवया, बास! नावं झाकून आईला दाखवलं तर लगेच ओळखलं तिनं.

वर 'श्री गजानन प्रसन्न' आणि मोठ्यांची नावं रीतीप्रमाणंच, त्याखाली मजकूर दोघांच्या तोंडचा: "रंकाळ्यावर भेळ खाता खाता आमचं ठरलं, आता अक्षता टाकायला तुम्ही पाहिजेच. लवकर या, निवांत बसा, जेवल्याशिवाय कुणाला सोडणार नाही!"

छापायच्या आधी एक प्रूफ मात्र काढून घ्या, स्क्रीनवरचा झगझगीत राणी कलर कागदावर मळकट येतो, आमचा शालू त्यामुळंच थोडा गडद लाल केला. उद्यापासून वाटप, पहिली देवाला मग मामांकडं.