काका-काकूंच्या युरोप टूरचे फोटो देशवार लावताना: पोलिसांच्या गाड्या, अ‍ॅम्ब्युलन्स आणि १४४ नंबरचा घोळ (माझा अनुभव)

काका-काकू २००९ मध्ये ग्रुप टूरने युरोपला जाऊन आले. पॅरिसपासून रोमपर्यंत, नेहमीचा मार्ग. आता त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून चुलत बहिणीने फोटोबुक करायचं ठरवलं आणि फोटो कुठले ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. कार्ड कधीच गेलेलं, हातात फक्त प्रिंट्स, त्यातही काकांच्या कॅमेऱ्याचे आणि ग्रुपमधल्या कुणाकुणाचे एकत्र झालेले, मागे तारीख नाही, काही नाही. आयफेल टॉवर आणि कोलोसियम कुणालाही कळतं. प्रश्न होता तो नुसत्या रस्त्यांचा, म्हणजे काका आईस्क्रीम खातायत आणि मागे एक गाडी, असल्या फोटोंचा.

मी सरळ मागच्या गाड्यांकडेच बघायला लागलो. दुकानांच्या पाट्या जर्मन असल्या तरी त्यावरून चार-पाच देश निघतात, पण सरकारी गाडीचा रंग नियमाने ठरलेला असतो, त्यामुळे ती जास्त बोलते.

सोपे होते ते भराभर निघाले. हॉलंडची पोलीस गाडी पांढरी आणि तिच्यावर निळे-केशरी तिरके पट्टे, तिथली अ‍ॅम्ब्युलन्स पिवळी पण पट्टे तसेच, एकदा बघितलं की विसरत नाही. इटलीत काराबिनिएरी या तिथल्या पोलीसदलाची गाडी गडद निळी, टप पांढरं आणि बाजूला लाल पट्टी. टॅक्सी पांढऱ्या. जर्मनीची टॅक्सी फिकट हस्तिदंती, म्हणजे साय आलेल्या दुधासारखी, १९७१ पासून तोच रंग सक्तीचा होता. हा रंग दिसला आणि फोटो या टूरमधलाच असेल तर मी डोळे मिटून जर्मनी लिहिलं. उलटं मात्र करू नका. हस्तिदंती नाही म्हणून जर्मनी नाही असं म्हणता येत नाही, कारण काही राज्यांनी नंतर सवलत दिली आणि त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग आहे, म्हणजे नेमकं ब्लॅक फॉरेस्टवालं राज्य, जिथं आपली प्रत्येक टूर कुकू क्लॉक बघायला थांबते. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात टॅक्सीला देशभर एक असा रंगच नाही, कुठलीही काळी-करडी मर्सिडीज आणि वर टॅक्सीचा दिवा. आपण मुंबईवाले काळी-पिवळी बघत वाढलो म्हणून टॅक्सीला रंग असणारच असं धरून चालतो, तिथं ते चालत नाही.

आता तो फोटो, ज्याने मला अक्षरशः छळलं. फुटपाथवर काका उभे, मागे उतरत्या छपरांची घरं, त्यामागे डोंगर, आणि काकांच्या पाठीशी एक पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स. तिची नंबरप्लेट काकांच्या पायामागे गेलेली. मागच्या दारावर १४४ स्वच्छ दिसतंय, बाजूला लाल क्रॉस, आणि शब्दाची फक्त शेवटची अक्षरं, ‘टुंग’. काका म्हणाले, "अरे हे वाडुझ, ती छोटी ट्रेन होती ना, तिथलं." काकू म्हणाल्या, "अहो काहीतरीच काय, हे इन्सब्रुक, इथूनच मी सुनेला पर्स घेतली." दोघंही ठाम. आणि अडचण अशी की टूरवाले स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नहून निघून लिक्टेनस्टाइनमधलं वाडुझ आणि ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक एकाच दिवसात उरकतात, त्यामुळे तेच कपडे, तीच टोपी, तसंच ऊन.

म्हटलं टूर कंपनीला विचारू, त्या दिवशी बस कुठे कुठे थांबली एवढंच तर हवंय. नाव लिहीत नाही, पण तो फोन-फोन खेळ आठवला की अजून डोकं फिरतं. आधी म्हणाले मेल करा, मेल केला तर म्हणाले बुकिंगची पावती जोडा, २००९ ची पावती कोण जपून ठेवतं हो, तरी काकूंनी देवघराखालच्या ड्रॉवरमधून काढली, तर म्हणे अर्ज मूळ प्रवाशाच्या सहीने द्या, ते सगळं केल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांनी काय पाठवलं तर आताच्या टूरचं ब्रोशर! त्यात ‘वाडुझ व इन्सब्रुक दर्शन’, म्हणजे जे आम्हाला आधीच माहीत होतं ते. तेव्हा तुम्हाला सांगतो, ऑफिसच्या नादी लागू नका, फोटोतच शोधा.

तर १४४. जर्मनीत पोलीस ११० आणि अ‍ॅम्ब्युलन्स-फायर ब्रिगेड ११२, त्यामुळे जर्मनी बाद. ऑस्ट्रियात फायर ब्रिगेड १२२, पोलीस १३३, अ‍ॅम्ब्युलन्स १४४. स्वित्झर्लंडमध्ये पोलीस ११७, फायर ब्रिगेड ११८, अ‍ॅम्ब्युलन्स १४४. म्हणजे नेमका अ‍ॅम्ब्युलन्सचाच नंबर दोन्हीकडे सारखा! आणि लिक्टेनस्टाइन स्वित्झर्लंडचेच नंबर वापरतं, म्हणजे तिथंही १४४. पोलिसांची किंवा बंबाची गाडी असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

मग शब्द. ऑस्ट्रियात अ‍ॅम्ब्युलन्सला रेट्टुंग म्हणतात आणि गाडीवर तेच असतं. स्वित्झर्लंडमध्ये आंबुलान्झ किंवा झानिटेट जास्त दिसतं, पण रेट्टुंग्सडीन्स्टसुद्धा लिहितात. आमच्या फोटोत ‘टुंग’च्या पुढे काकांचा खांदा आलाय, म्हणजे शब्द तिथं संपतो की पुढे चालू आहे ते कळायला मार्ग नाही.

खरा उपयोग झाला तो लाल क्रॉसचा. ऑस्ट्रियात बऱ्याच ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्स रेड क्रॉसच चालवतं. स्वित्झर्लंडमध्ये ते काम सहसा हॉस्पिटलं, शहरं किंवा कँटन म्हणजे तिथली राज्यं करतात, रेड क्रॉसची इमर्जन्सी गाडी तिथं अपेक्षित नाही. म्हणून स्वित्झर्लंडवर काट मारली. मला वाटलं संपलं, ऑस्ट्रिया, काकू जिंकल्या. पण लिक्टेनस्टाइनची अ‍ॅम्ब्युलन्सही त्यांचं रेड क्रॉसच चालवतं! एवढासा देश, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि तोच आडवा आला. भाषा जर्मन, नंबर १४४, रेड क्रॉस, मागे डोंगर, सगळं दोन्हीकडे जुळतंय आणि काका म्हणतायत बघ मी सांगत होतो.

इथं मी कितीतरी वेळ अडकून होतो. रोज रात्री तोच फोटो. मोबाइलने प्रिंटचा फोटो काढून झूम करत बसलो होतो, त्याचा काही उपयोग नाही, वरच्या चकाकीत बारीक गोष्टी जातात. शेवटी प्रिंट स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केली (त्याच्या वर जाऊ नका, प्रिंटमध्येच तेवढी माहिती नसते, फाइल फक्त जड होते). आणि तेव्हा काकांच्या डाव्या हाताला दुकानाच्या काचेत एक गाडी दिसली. रस्त्याच्या पलीकडे उभी असणार, तिचं प्रतिबिंब. फिकट रंगाची, दारावर अक्षरं उलटी.

तेवढा भाग कापून आडवा फ्लिप केला. अक्षरं निघाली पोलिझाय. पण पोलिझाय जर्मनीत, ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये सगळीकडे लिहितात, शब्दाने काही सिद्ध होत नाही, बघायचा तो पट्टा. जर्मनीत २००९ मध्ये जुन्या हिरव्या आणि नव्या निळ्या दोन्ही गाड्या फिरत होत्या, बव्हेरियात तर हिरव्या पुढेही बरीच वर्षं होत्या. स्विस गाड्यांवर बहुतेक ठिकाणी केशरी पट्टा. आणि ऑस्ट्रियात २००५ मध्ये गावाकडचं जेंडार्मरी हे पोलीसदल आणि शहरी पोलीस एक झाले, त्यानंतरच्या गाड्या पांढऱ्या किंवा चंदेरी आणि त्यावर निळा आणि लाल पट्टा जोडीने. काचेतल्या गाडीवर निळा होता आणि त्याला लागून लाल होता, काचेत रंग थोडे मळतात पण लाल तो लालच, केशरी नव्हे.

तरी काका मानेनात, म्हणाले काचेतल्या रंगावर काय विश्वास ठेवायचा. बरोबर आहे त्यांचं. म्हणून त्याच गाडीची नंबरप्लेट बघितली, आकडे वाचायला नाही, नुसता रंग बघायला. लिक्टेनस्टाइनची प्लेट काळी असते, त्यावर पांढरी अक्षरं. ऑस्ट्रियाची पांढरी. काचेतली प्लेट अगदी पांढरा चौकोन होता, आणि फ्लिप केल्यावर सुरुवातीची दोन अक्षरं बी आणि पी अशी लागली, ऑस्ट्रियाच्या पोलीस गाड्यांचे नंबर त्याच अक्षरांनी सुरू होतात. इन्सब्रुक! काकूंना फोन केला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पण मला राहवेना. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, पर्स." मला मात्र इतकं भारी वाटत होतं की झोपच येईना.

मध्येच एक सांगायचं राहिलं. एका फोटोत लाल बंबावर ११८ होतं आणि काकांनी तो इटलीच्या गठ्ठ्यात टाकला होता, कारण इटलीत ११८ नंबर त्यांच्या लक्षात होता. इटलीत ११८ अ‍ॅम्ब्युलन्सचा, बंबाचा ११५. बंबावर ११८ म्हणजे स्वित्झर्लंड किंवा लिक्टेनस्टाइन, तो फोटो ल्युसर्नचा निघाला. त्यामुळे नंबर नुसता वाचू नका, कुठल्या गाडीवर आहे ते धरून वाचा.

आणि इन्सब्रुकहून बस ब्रेनर खिंडीतून खाली उतरली की इटली लागते पण पाट्या जर्मनच दिसत राहतात, तो दक्षिण टिरोल. तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्सवर जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषांत पांढरा क्रॉस असं संस्थेचं नाव असतं, वायसेस क्रॉइत्स आणि क्रोचे बियांका. जर्मन बघून ऑस्ट्रिया लिहायचा मोह होतो, दुसरी ओळ शोधा.

हे सगळं चालतं ते फोटो साधारण कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या मार्गावरचा हे माहीत असेल तरच. जर्मनीत जुन्या झालेल्या टॅक्सी आणि अ‍ॅम्ब्युलन्स परदेशात विकल्या जातात आणि कितीदा तो रंग, ती जर्मन अक्षरं तशीच घेऊन तिकडे फिरतात, त्यामुळे एकटी गाडी बघून देश ठरवू नका, तिच्या शेजारची दुसरी गाडी काय सांगते ते बघा. आमच्याकडे दोन फोटो असे उरलेत की ज्यात नुसती १४४ वाली अ‍ॅम्ब्युलन्स आहे आणि दुसरं काहीच नाही. त्यांच्याखाली मी ‘ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा लिक्टेनस्टाइन’ असंच छापायला दिलंय, काकांनाही ते चाललं.